नागाचं हृदय कोणी खाल्लं?

व्हिएतनाममध्ये नागाचं धडधडतं हृदय गिळणारा टीव्ही सूत्रसंचालक कोण? प्रश्नमंजूषेत पटकन उत्तर येतं, अँड्र्यू झिमर्न. चूक. तो अँथनी बोर्डेन. गोंधळ होणारच. दोघेही न्यूयॉर्कचे, दोघेही आधी आचारी, आणि दोघांचे कार्यक्रम एकाच काळात ट्रॅव्हल चॅनलवर. पण झिमर्नच्या ‘बिझार फूड्स’मध्ये ताटातला पदार्थच नायक, त्याची चव, त्याचा वास तो बारकाईने सांगतो. म्हणून विचित्र खाणं म्हटलं की त्याचंच नाव ओठांवर येतं. बोर्डेनला मात्र जेवणाऱ्या माणसाची गोष्ट हवी असे. २०१६ मध्ये हनोईत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ओबामांसोबत त्याने ‘बुन चा’ खाल्लं, ते सीएनएनच्या ‘पार्ट्स अननोन’साठी. प्रश्नात सीएनएन असेल, तर या दोघांपैकी बोर्डेनच निवडा.