मधेच आलेली मागणी आणि तिचं उत्तर

सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या लहान कंपन्यांचं नुकसान बहुतेक वेळा अवघड कामात होत नाही. काम अर्ध्यावर आल्यावर ग्राहकाचा मेसेज येतो, ‘एवढं जरा घालून द्या’, आणि त्याला घाईत काहीतरी उत्तर दिलं जातं. तिथे नुकसान सुरू होतं. ‘हो, करून टाकू’ म्हटलं तर तारीख आणि पैसे दोन्ही हातचे जातात. ‘करारात नाही’ म्हटलं तर पुढची सहा महिने दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात. या दोन्हींहून वेगळं उत्तर लिहिता येतं. ते कसं, हे एका कामावरून सांगतो. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील या धंद्यात रोज घडणारा आहे.

नाशिकच्या एक ताई मसाले आणि पापडांचा व्यवसाय करतात. त्यांना घरगुती ग्राहकांसाठी ऑनलाइन विक्रीची वेबसाइट हवी आहे. साठवणीचा मसाला उन्हाळ्यात खपतो, म्हणून साइट १५ मार्चला सुरू झालीच पाहिजे. मोबदला ठरला २,४०,००० रुपये अधिक जीएसटी, मुदत दहा आठवडे. सहाव्या आठवड्यात ताईंचा मेसेज येतो: ‘पाव किलो निवडलं तरी दर एक किलोचाच दिसतोय, तो नीट करा. ऑर्डर आली की ग्राहकाला व्हॉट्सॲपवर मेसेज जाऊ द्या. आणि आमच्या वितरकांना वेगळा दर लागतो, तेवढी सोय घाला. छोटंच काम आहे.’

मेसेज एकच आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. उत्तराला बसण्याआधी त्या सुट्या करायला हव्यात, आणि त्यासाठी सुरुवातीला दोघांनी मान्य केलेला कामाचा कागद, म्हणजे स्कोप, समोर उघडून ठेवायला हवा. आठवणीवर विसंबून इथे भागत नाही.

पाव किलोचा दर चुकतो आहे, हा आपला दोष आहे. कागदात वजनानुसार दर लिहिलेले आहेत. याचे पैसे नाहीत, चर्चाही नाही. दुरुस्तीची तारीख कळवायची आणि पत्रात हाच मुद्दा सगळ्यात वर घ्यायचा. स्वतःचा दोष आधी मान्य केलेल्या माणसाचं पुढचं बोलणं ग्राहक शांतपणे ऐकतो.

व्हॉट्सॲपचं प्रकरण मधलं आहे. कागदात वाक्य आहे: ‘ऑर्डर झाल्यावर ग्राहकाला सूचना जाईल.’ कंपनीने त्याचा अर्थ ई-मेल घेतला आणि तो बांधलाही. ताईंच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून व्हॉट्सॲपच होतं, कारण त्यांचे ग्राहक ई-मेल उघडत नाहीत. दोघंही खोटं बोलत नाहीत. माझं मत असं की वाक्य ज्याने लिहिलं त्याने संदिग्धतेचा भार उचलावा, निदान निम्मा तरी. हा कागद जवळजवळ नेहमी कंपनीच लिहिते. म्हणून वीस तासांच्या या कामातले दहा तास कंपनीने सोसावेत आणि पत्रात तसं उघड लिहावं. त्याचबरोबर दोन गोष्टी आधीच सांगाव्यात: व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक मेसेजचा मजकूर मेटाकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, आणि अशा मेसेजला पैसे पडतात, ते दरमहा ताईंच्या खात्यातून जातील. हे आत्ता सांगितलं नाही, तर पहिल्या बिलाच्या दिवशी भांडण होतं.

वितरकांचा वेगळा दर मात्र पूर्ण नवं काम आहे, आणि ‘छोटंच’ हा शब्द नेमका इथे फसवतो. ताईंना पडद्यावर एक आकडा बदललेला हवा आहे. पण साइट बांधताना प्रत्येक पाकिटाला एकच दर आहे असं गृहीत धरलं होतं. तो दर यादीच्या पानावर दिसतो, कार्टमध्ये बेरजेला येतो, सवलतीचं कूपन त्यातून वजा होतं, बिलावर छापला जातो आणि माल परत आला तर परताव्याची रक्कमही त्यावरूनच निघते. आता ‘दर किती?’ या प्रश्नाला ‘विचारणारा कोण?’ असा उलटा प्रश्न विचारावा लागणार. म्हणजे जिथे जिथे दर वाचला जातो ती प्रत्येक जागा शोधून बदलायची. शिवाय वितरक कोण हे ओळखायला वेगळं लॉगिन हवं, आणि त्याला मंजुरी देणारं पान ताईंच्या हातात हवं. नाहीतर कुणीही स्वतःला वितरक म्हणवून घाऊक दराने एक पाकीट उचलेल.

म्हणून एस्टिमेट करताना काम फोडून दाखवायचं. दरांचा साठा बदलणं आणि ते भरायचं पान, ८ तास. वितरकाचं लॉगिन आणि मंजुरी, १२ तास. कार्ट, कूपन, बिल आणि परतावा, १४ तास. आधी पूर्ण झालेल्या पानांमध्ये जुना दर जिथे वापरला आहे तिथली फेरबांधणी, १२ तास. आणि सगळ्याची पुन्हा तपासणी, १४ तास. एकूण ६० तास. तासाचा दर ७०० रुपये धरला तर ४२,००० रुपये.

यातल्या शेवटच्या दोन ओळी बरेच जण लिहीतच नाहीत, आणि तिथेच बुडतात. नवं लिहिण्याचे तास सगळे मोजतात. झालेलं उलगडून पुन्हा बसवण्याचे मोजत नाहीत. हीच मागणी पहिल्या आठवड्यात आली असती तर फेरबांधणीचे बारा तास लागलेच नसते. पत्रात हे वाक्य घालावं, पण दोष देण्याच्या सुरात नाही. खर्च कुठून आला एवढंच त्यातून कळलं पाहिजे. तपासणीचंही तसंच. दराला हात लागला की घरगुती ग्राहकाची खरेदीही पहिल्यापासून तपासावी लागते, कारण वितरकाचा दर चुकून सगळ्यांना दिसू लागला तर एका रात्रीत तोट्याच्या शंभर ऑर्डरी पडतील.

आता बेरीज. वितरकांचे ४२,००० आणि व्हॉट्सॲपचे कंपनीने निम्मे सोसून उरलेले ७,०००, म्हणजे ४९,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,८२० रुपये. मूळ मोबदला करापूर्वी २,४०,००० होता, तो २,८९,००० होईल. तारखेचा हिशेब वेगळा मांडायचा. डेव्हलपरच्या दिवसातले खरे कामाचे तास सहाच्या आसपास असतात. बाकीचे बैठका, फोन आणि जुन्या चुकांमध्ये जातात. त्यामुळे दोन्ही कामं मिळून ८० तास म्हणजे, तपासणी धरून, तीन आठवडे. साइट १५ मार्चऐवजी ५ एप्रिलला सुरू होईल.

इथे ग्राहक हमखास विचारतो, ‘आणखी एक मुलगा लावा ना.’ फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकासाठीच्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. कारण रोजचं आहे: नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्याचे दिवस जातात. तीन आठवड्यांच्या कामात तो वेळ भरूनच निघत नाही.

फक्त रक्कम आणि नवी तारीख पाठवली, तर ताईंपुढे ‘घ्या किंवा सोडा’ एवढंच उरतं. त्यांची खरी अडचण हंगामाची आहे, म्हणून पत्रात निवडीला जागा हवी. मी ते पत्र साधारण असं लिहीन:

‘नमस्कार ताई,
पाव किलोचा दर चुकतोय, ती चूक आमची आहे. शुक्रवारपर्यंत दुरुस्त होईल, त्याचे पैसे नाहीत.
वितरकांचा दर आणि व्हॉट्सॲप मेसेज यांचा तासांसह तपशील सोबत जोडला आहे. व्हॉट्सॲपबद्दल मूळ कागदातलं आमचं वाक्य स्पष्ट नव्हतं, म्हणून त्यातला निम्मा खर्च आमचा.
आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला: सगळं एकदम. ४९,००० रुपये अधिक जीएसटी, साइट ५ एप्रिलला सुरू.
दुसरा: आत्ता फक्त वितरकांच्या दराची जागा आतून करून ठेवू, १६,८०० रुपये अधिक जीएसटी. साइट घरगुती ग्राहकांसाठी २२ मार्चला सुरू होईल. उरलेलं काम मेनंतर, ३२,२०० रुपये अधिक जीएसटी. आमचा सल्ला दुसऱ्या मार्गाचा आहे.
हे दोन्ही नको असतील तर मूळ काम ठरल्याप्रमाणे १५ मार्चलाच देऊ.
हे दर आणि तारखा येत्या सोमवारपर्यंत कळवल्यास लागू राहतील. आपलं लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही मूळ कामच पुढे नेत आहोत.’

दुसऱ्या मार्गात ‘जागा करून ठेवू’ असं म्हटलं आहे, त्यामागे कारण आहे. त्यात दरांचा साठा आणि फेरबांधणी मिळून वीस तास, अधिक चार तास तपासणी. हे काम उन्हाळा संपेपर्यंत ढकललं, तर तोवर खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरी आणि बिलं जमा झालेली असतात. चालत्या साइटचा दरांचा साठा बदलताना जुन्या बिलावरची रक्कम हलता कामा नये, तो सगळा ऐवज सांभाळत नव्या मांडणीत न्यावा लागतो. आज चोवीस तासांत होणारं काम तेव्हा जास्त तास खातं आणि चुकलं तर खरे पैसे चुकतात. व्हॉट्सॲपचं तसं नाही. ते मागाहून जोडलं तरी तेवढेच वीस तास लागतात, कारण ते दुसऱ्या कशाला हात लावत नाही. कुठलं काम थांबू शकतं आणि कुठलं नाही, हे ताईंना बाहेरून दिसणं शक्य नाही. ते सांगणं हेच जाणकाराचं काम, आणि म्हणूनच पत्रात सल्ला स्पष्ट शब्दांत हवा.

लेखी उत्तराचा आग्रह पुष्कळांना कोरडेपणा वाटतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्षांच्या संमतीने करार बदलता येतो, आणि त्यासाठी साधं ई-मेलवरचं ‘दुसरा मार्ग मान्य’ एवढं उत्तरही चालतं. अडचण फोनवरच्या ‘हो’ची असते. ताई ‘हो’ म्हणतात ते कामाला, आपण ऐकतो ते पैशाला. फोन झालाच तर त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवाव्यात आणि उत्तर मागावं. अशा प्रत्येक बदलाला क्रमांक द्यावा, नाकारलेल्या बदलालाही. पुढे ‘हे तर आपण बोललो होतो’ असा विषय निघाला की तो क्रमांक उघडून दाखवता येतो.

बिलाच्या बाबतीतही नवं काम जुन्यात मिसळू नये. मूळ कराराचा शेवटचा हप्ता साइट सुरू झाल्यावर मिळणार असं ठरलं असेल, तर तो घरगुती विक्री सुरू झाली की देय होतो हे बदलाच्या कागदातच लिहून घ्यावं आणि वाढीव कामाचं बिल वेगळं काढावं. हे राहून गेलं, तर वितरकांचं एक पान जूनपर्यंत अपुरं राहतं आणि मार्चमध्ये पूर्ण झालेल्या कामाचा हप्ता त्या पानापाशी अडकून पडतो.