दाबाचं उत्तर मीटरमध्ये वाचा

तळमजल्यावरून पाण्याचा एक पाइप चौथ्या मजल्यावर जातो. खाली त्याचा आतला व्यास ५० मिलिमीटर आहे आणि तिथल्या गेजवर ३०० किलोपास्कल दाब दिसतो. पाइप आधी ८ मीटर आडवा जातो, मग १२ मीटर सरळ उभा चढतो आणि अगदी वरच्या टोकाला अरुंद होऊन २५ मिलिमीटरचा होतो. सेकंदाला ३ लिटर पाणी वाहतं आहे. घर्षण नाही असं धरून वरच्या अरुंद भागातला दाब काढा. बारावीपासून इंजिनीअरिंगपर्यंत कुठेही भेटेल असा हा प्रश्न आहे.

मुलांच्या वह्यांत याची उत्तरं अशी सापडतात: १६४.८ किलोपास्कल, ४००.२ किलोपास्कल, ८६.३ किलोपास्कल, १०.५ किलोपास्कल आणि उणे १,३४,९२८. समीकरण सगळ्यांनी एकच वापरलेलं असतं, तेही बरोबर लिहिलेलं असतं. गुणाकार-भागाकारही चुकलेले नसतात. चूक असते ती उंची कुठून कुठे मोजली यात, नाहीतर कोणतं एकक कशात मिसळलं यात. वही तपासणाऱ्याला, आणि परीक्षेत स्वतःचंच उत्तर पडताळणाऱ्याला, सगळी आकडेमोड पुन्हा न करता ही चूक पकडता येते. त्यासाठी दाबाचं उत्तर पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये, वाचायची सवय लागते.

समीकरण असं आहे:

p₁ + ½ρv₁² + ρgz₁ = p₂ + ½ρv₂² + ρgz₂

यात p हा दाब, ρ ही घनता, v हा वेग, g हे गुरुत्व त्वरण आणि z ही उंची. वाहत्या द्रवाच्या प्रत्येक घनमीटरमागे ऊर्जा तीन रूपांत असते: दाबाची, वेगाची आणि उंचीची. वाटेत पंप नसेल आणि घर्षण नगण्य असेल तर या तिन्हींची बेरीज बदलत नाही. डॅनियल बर्नौलीने हा विचार १७३८ साली ‘हायड्रोडायनामिका’ या ग्रंथात मांडला. आज आपण लिहितो तो समीकरणाचा नेटका साचा मात्र नंतर ऑयलरच्या हातून आला.

याच समीकरणाला सगळीकडे ρg ने भागलं की त्यातलं प्रत्येक पद मीटरमध्ये येतं. त्यालाच हेड म्हणतात. पंपाच्या पाटीवर ‘हेड’ म्हणून मीटरचा आकडा छापलेला असतो, तो हाच. पाण्यासाठी ९.८१ किलोपास्कल म्हणजे १ मीटर. प्लंबर दाबाला ‘किलो’ म्हणतात. गेजवर किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर अशी खूण असते, म्हणून ‘तीन किलो प्रेशर आहे’ असं ते सांगतात, आणि त्यांचा हिशेब असतो की दहा मीटरला एक किलो. हा हिशेब अगदी अचूक आहे. इमारतीच्या गच्चीवरची टाकी नळापेक्षा २० मीटर उंच असेल, तर नळ बंद असताना तिथे जवळपास दोन किलो दाब मिळणार, हे त्यांना वहीशिवाय कळतं.

आता आपलं उदाहरण या नजरेने बघू. ३०० किलोपास्कल म्हणजे ३०.६ मीटर. खालच्या पाइपाच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.००१९६ चौरस मीटर आहे. ३ लिटर म्हणजे ०.००३ घनमीटर, त्यामुळे खालचा वेग सेकंदाला १.५३ मीटर. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ चौथाई झालं, म्हणून वरचा वेग चौपट, ६.११ मीटर. वेगाचं पद v²/2g आहे. ते खाली ०.१२ मीटर आणि वर १.९० मीटर भरतं, म्हणजे वेग वाढवण्यात सुमारे १.८ मीटर खर्च झाले. चढण्यात १२ मीटर गेले. ३०.६ मधून हे दोन्ही वजा केले की १६.८ मीटर उरतात. त्यांना ९.८१ ने गुणलं की १६४.८ किलोपास्कल. बरोबर उत्तर हेच.

हे तीन आकडे, ३०.६, १२ आणि १.८, समोर ठेवले की बाकीच्या वह्या आपणच बोलायला लागतात.

४००.२ घ्या. हे सुमारे ४०.८ मीटर होतात. पाणी वर चढलं, शिवाय त्याचा वेगही वाढला, तरी दाब खालच्यापेक्षा जास्त? वाटेत पंप नसताना हे होऊच शकत नाही. या वहीत चढाचे १२ मीटर वजा करण्याऐवजी मिळवले आहेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं. मुलाने संदर्भ पातळी ठरवलीच नाही, नुसती ‘h’ लिहिली आणि चिन्ह अंदाजाने दिलं. पातळी कुठेही घ्या, तळमजल्यावर, गच्चीवर, समुद्रसपाटीवर, उत्तर तेच येतं. मात्र दोन्ही उंच्या त्याच पातळीपासून मोजायच्या आणि वरची दिशा धन धरायची. z₁ जमिनीपासून वर मोजला आणि z₂ गच्चीपासून खाली मोजला की चिन्हाचा गोंधळ ठरलेला. म्हणून मी आकडेमोडीआधी आकृतीत एक आडवी रेघ मारायला लावतो आणि त्या रेघेवर शून्य लिहायला सांगतो. हा आग्रह काहींना बालिश वाटतो, पण त्या एका रेघेने चिन्हाच्या बहुतेक चुका टळतात.

८६.३ हे उत्तर जास्त फसवं आहे. ते धन आहे, खालच्या दाबापेक्षा कमी आहे, काही खटकत नाही. पण ८६.३ म्हणजे ८.८ मीटर. ३०.६ मधून वेगाचे १.८ वजा केले तर चढासाठी २० मीटर गेले असा अर्थ निघतो. चढ तर १२ मीटरच होता. आडव्या पाइपाचे ८ मीटर इथे उंचीत घुसले. गुरुत्वाला पाइपाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, फक्त उभ्या फरकाशी असतं. तिरक्या पाइपाच्या उदाहरणांत तर ही चूक फार होते, कारण दिलेली लांबी आणि कोन यांतून उंची आधी काढावी लागते.

उणे १,३४,९२८ हे उत्तर कसं आलं, ते वहीतली ओळ पाहिली की कळतं: ३०० − १७,५०८ − १,१७,७२०. पहिला आकडा किलोपास्कलमध्ये, उरलेले दोन पास्कलमध्ये. पाण्याची घनता १००० आणि g ९.८१ घातले की पदं आपोआप पास्कलमध्ये येतात, हे विसरायला होतं. या उत्तराला एक भौतिक कसोटीही लागते. वातावरणाच्या तुलनेत मोजलेला दाब उणे असू शकतो, पण तो सुमारे उणे १०१ किलोपास्कलच्या खाली जाऊ शकत नाही. तिथे निर्वात आला, त्याखाली दाब उरतच नाही. हे पाण्याच्या १०.३ मीटर उंचीइतकं होतं. वरचं उत्तर पास्कल धरून वाचलं तरी ते उणे १३.८ मीटर येतं. म्हणजे चूक नक्की. खरं तर पाणी इतकी वाटच बघत नाही. दाब त्याच्या बाष्पदाबापर्यंत उतरला की, २० अंश तापमानाला तो सुमारे २.३ किलोपास्कल असतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी ओढायला का कुरकुरतो आणि मग मोटर विहिरीत खाली का उतरवावी लागते, त्याचंही कारण हेच.

१०.५ किलोपास्कलचं उत्तर मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. त्या मुलाने मीटरवालं समीकरण घेतलं, म्हणजे योग्य दिशेने निघाला. पण वेगाच्या पदात v²/2 लिहिलं, g राहून गेला. त्यामुळे वेगवाढीचा खर्च १.८ मीटरऐवजी १७.५ मीटर झाला आणि ३०.६ मधून जेमतेम १.१ मीटर उरले. एका समीकरणाचं पद दुसऱ्यात आलं, इतकंच. ते पकडायला पडणाऱ्या वस्तूचा हिशेब उपयोगी पडतो. सुमारे १.९ मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ६ मीटरच्या आसपास असतो. म्हणून ६ मीटर वेगाचं हेड १.९ मीटरच असायला हवं. १७.५ मीटर उंचीशी जुळणारा वेग सेकंदाला १८ मीटरहून जास्त असतो. टोरिचेलीने टाकीच्या भोकातून निघणाऱ्या धारेचा नियम सतराव्या शतकात दिला, तो याच संबंधावर उभा आहे.

या पद्धतीतूनही निसटणारी एक चूक आहे. व्यास निम्मा झाला म्हणून वेग दुप्पट धरला, तर उत्तर १७८.८ येतं. चिन्ह बरोबर, आकार बरोबर, मीटरमध्ये वाचलं तरी शंका येत नाही. तिथे पाणीच मोजावं लागतं. २५ मिलिमीटरच्या छेदाचं क्षेत्रफळ त्या वेगाने, म्हणजे ३.०६ ने, गुणलं की सेकंदाला फक्त दीड लिटर पाणी मिळतं. खालून निघालेलं दीड लिटर वाटेत कुठे गेलं? व्यास सेंटिमीटरमध्ये घेतले काय किंवा मीटरमध्ये, गुणोत्तर तेच राहतं. त्यामुळे इथे एककांच्या पडताळणीतून काही हाती लागत नाही.

आणि बरोबर उत्तरालाही त्याची हद्द आहे. १६४.८ किलोपास्कल हे घर्षण नाही म्हणून. अरुंद तुकडा फक्त वरच्या टोकाला असेल तर ही सूट परवडते. ५० मिलिमीटरच्या २० मीटर पाइपात, घर्षण गुणांक ०.०२ धरला, तर साधारण एक मीटर हेड जातं. पण बारा मीटरचा उभा पाइपच २५ मिलिमीटरचा टाकला असता, तर त्या वेगाला घर्षणातच १८ मीटरच्या घरात हेड गेलं असतं. उरले होते १६.८. म्हणजे सेकंदाला ३ लिटर पाणी वर पोचलंच नसतं, प्रवाह आपोआप कमी झाला असता. म्हणूनच वरच्या मजल्यावर नळाची धार बारीक येते तेव्हा अनुभवी प्लंबर आधी पाइपाचा व्यास विचारतो.

गेजचा आकडा वापरतानाही उंची तपासावी लागते. गेज पाइपापासून खाली, दीड मीटरवर, पाण्याने भरलेल्या नळीने जोडलं असेल, तर ते पाइपातल्या दाबापेक्षा दीड मीटर, म्हणजे जवळपास १५ किलोपास्कल, जास्त दाखवतं. प्रश्नात ‘गेजवर ३००’ असं लिहिलेलं असलं, तर ते गेज नेमकं कोणत्या उंचीवर आहे हे आकृतीत शोधायचं, आणि मगच p₁ च्या जागी ३०० भरायचे.