पोच घेतल्याशिवाय उठू नका
(लेखमाला, भाग 6)

मागच्या भागात वाचनाच्या अध्ययन अक्षमतेची लक्षणं पाहिली. अशा मुलाला वर्गात काय सोसावं लागतं आणि पालकांनी त्याची नोंद कशी करावी, ते आज पाहू.

समजा, शिरूर कासार तालुक्यातला पाचवीतला एक मुलगा. दिवाळीच्या सुमारास माय-बाप ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. 'भ' आणि 'म' यांत त्याचा गोंधळ होतो. धडा वाचायला उभा राहिला की मागून नक्कल सुरू होते, सुट्टीत 'ढ' म्हणून हाका मारतात, वही लपवतात. आजी शाळेत जाते. "बघतो, आजी," असं उत्तर मिळतं. कागदावर काहीच नसतं, त्यामुळे पट्टा पडून माय-बाप परततात तेव्हा विचारायचं तरी कशाच्या आधारावर?

म्हणून निघण्याआधीच मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि माघारी आजीशी बोलावं असं त्यात लिहावं. "पोरं चिडवतात" एवढंच लिहिलं, तर तो पोरखेळ ठरतो. "12 तारखेला मराठीच्या तासाला तिघांनी नक्कल केली, दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून तो घरी राहिला," असं लिहा. आजीला लिहिता येत नसेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीवर फुली करावी आणि शेजारच्या मुलीकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात.

त्याच अर्जात सवलती मागा, कारण छळाचं मूळ बहुतेक वेळा त्या उभं राहून वाचण्यातच असतं. आयत्या वेळी मोठ्याने वाचायला लावू नये, चाचणी तोंडी घ्यावी किंवा जादा वेळ द्यावा, सुट्टीत लक्ष कोण ठेवणार त्या शिक्षकांचं नाव कळवावं, आणि महिन्याने पुन्हा बसून काय फरक पडला ते पाहावं.

"आधी प्रमाणपत्र आणा" हे उत्तर इथे पुरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सांगतं की अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करायचे आहेत, आणि ते सरकारी व मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे. प्रमाणपत्र लागतं ते बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी. 'ढ' हा शब्द शिक्षकांच्याच तोंडून आला असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मानसिक छळाला बंदी आहे, तेही लिहा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवा. काहीच झालं नाही, तर हीच प्रत जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या लेखी तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि ते महिने तिथल्या पोचेवरच्या तारखेवरूनच मोजता येतात.

पोचेची प्रत आजीच्या ट्रंकेत ठेवा, फोटो बापाच्या मोबाइलमध्ये. हंगामात पोराला कारखान्याकडे न्यावंच लागलं, तर तिथल्या शाळेत पहिल्याच दिवशी तो फोटो दाखवता येईल.

पुढील भागात : प्रमाणपत्राच्या चाचण्या.