पत्राचा फोटो काढला, पण पत्र सापडेल का? छोट्या कार्यालयासाठी टायपिंगची चेकलिस्ट

ग्रामपंचायतीत एखादा अर्ज आला की आता बहुतेक ठिकाणी आधी त्याचा मोबाईलवर फोटो निघतो. तो व्हॉट्सॲपवरून कार्यालयाच्या कम्प्युटरवर जातो आणि मूळ कागद फायलीत लागतो. सहा महिन्यांनी कुणी त्या अर्जाचं काय झालं असं विचारलं, तर कम्प्युटरवर 'मिळकत' किंवा 'गटार' असा शब्द शोधून काही हाती लागत नाही. फोटोतली अक्षरं हा शेवटी चित्राचाच भाग असतो. म्हणून काही कार्यालयं पत्रातला मजकूर टाईप करून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतात.

पण टायपिंगची पद्धत ठरलेली नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या सवयीनं टाईप करतो. त्यातून होणाऱ्या चुका दिसायला किरकोळ असतात, पण मुदत असलेल्या अर्जात त्या महागात पडतात. माहिती अधिकाराचा एक अर्ज घेऊन हे पाहू.

उदाहरण: एक अर्ज, तीन तारखा

समजा, एका गावकऱ्यानं ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज केला. अर्ज हातानं लिहिलेला, पाठपोट, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागणी अशी: मिळकत क्रमांक १४४ च्या कर आकारणीची नोंद आणि नमुना ८ चा उतारा मिळावा.

अर्जावर लिहिलेली तारीख ४ जून २०२५. अर्जदारानं तो कार्यालयात आणून दिला सोमवारी, ९ जूनला. शिपायानं फोटो काढून ठेवले आणि लिपिकाला व्हॉट्सॲपवर पाठवले पुढच्या सोमवारी, १६ जूनला. लिपिकाच्या मोबाईलमध्ये फोटोचं नाव आलं `IMG-20250616-WA0007.jpg`.

आता टाईप करणाऱ्यासमोर तीन तारखा आहेत. मुदत मोजायला यातली एकच चालते: अर्ज मिळाल्याची, म्हणजे ९ जून. माहिती अधिकार कायद्यानुसार अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणजे ९ जुलैपर्यंत. फाईलच्या नावावर विसंबून १६ जून ही तारीख धरली, तर मुदत १६ जुलै वाटेल आणि उत्तर सात दिवस उशिरा जाईल. सबळ कारण नसताना झालेल्या उशिरासाठी माहिती आयोग जनमाहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड लावू शकतो. सात दिवसांचे होतात १,७५० रुपये. कमाल मर्यादा २५,००० रुपयांची आहे.

दुसरी मुदत त्याहून लहान आहे. मागितलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करायचा असतो. इथे ती मुदत १४ जूनलाच संपली, म्हणजे लिपिकाच्या मोबाईलवर फोटो पोहोचण्याच्या दोन दिवस आधी.

फोटोआधी काय करायचं?

कागद हातात आल्याबरोबर त्याची आवक नोंदवहीत नोंद करायची, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारायचा आणि मगच फोटो काढायचा. असं केलं की मिळाल्याची तारीख फोटोतच दिसते. मग फोटो कधीही, कुणाकडेही पोहोचला तरी फरक पडत नाही.

प्रत्येक पानाचा वेगळा फोटो घ्यावा. मागची बाजू कोरी वाटली तरी एकदा पाहून घ्यावी, कारण शेरे आणि सह्या बऱ्याचदा तिथे असतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

टाईप केलेल्या फाईलचे दोन भाग

सगळ्या पत्रांना एकच साचा हवा, पण पत्रातले शब्द बदलायचे नाहीत, अशी ही अडचण आहे. ती सोडवायला फाईलचे सरळ दोन भाग करावेत. वरचा भाग कार्यालयाचा. तिथे प्रत्येक पत्रासाठी त्याच ओळी, त्याच क्रमानं. खालचा भाग पत्र लिहिणाऱ्याचा. तिथे शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारायची नाही. दोन्हींच्या मध्ये एक रेघ.

आपल्या उदाहरणातल्या अर्जाची फाईल अशी दिसेल:

```
आवक क्र.: 0212
मिळाल्याची तारीख: 2025-06-09
पत्रावरील तारीख: 2025-06-04
विषय: माहिती अधिकार अर्ज
शोध: मिळकत 144, नमुना 8
मुदत: 2025-07-09
पाने: 2
फोटो: 2025-06-09_aavak-0212_1.jpg
      2025-06-09_aavak-0212_2.jpg
टाईप केले:
ताडून पाहिले:
---
[कोर्ट फी स्टॅम्प: १० रुपये]
[आवक शिक्का: ९ जून २०२५]
दि. ०४/०६/२०२५
मिळकत क्र. १४४ च्या कर आकारनीची नोंद
व नमुना ८ चा उतारा मिळावा.
[सही]
```

'आकारनीची' हा शब्द चुकीचा आहे हे टाईप करणाऱ्याला कळतं, तरी तो तसाच राहतो. आज एक अक्षर सुधारलं, तर उद्या एखादं वाक्य 'नीट' करण्याचा मोह होतो आणि मग अर्जदारानं नेमकं काय मागितलं होतं यावरून वाद होतो.

वरच्या भागात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची. `04/06/2025` म्हणजे ४ जून की ६ एप्रिल, असा प्रश्न मग उरत नाही. फाईलच्या नावातही तीच तारीख पुढे ठेवली, तर फायली आपोआप कालक्रमानं लागतात. फाईलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं, कारण एका कम्प्युटरवरून दुसरीकडे नेताना काही वेळा मराठी नावं बिघडतात.

आकडे मराठी की इंग्रजी?

कम्प्युटरसाठी १४४ आणि `144` ही वेगवेगळी चिन्हं आहेत. बऱ्याच प्रोग्राममध्ये एक शोधल्यावर दुसरं सापडत नाही. म्हणून पत्राच्या भागात आकडे जसे लिहिले असतील तसेच ठेवायचे आणि महत्त्वाचे क्रमांक वरच्या 'शोध' या ओळीत इंग्रजी अंकांत पुन्हा लिहायचे. वरचा सगळा भाग नेहमी इंग्रजी अंकांतच.

खरा धोका वाचण्यात आहे. हातानं लिहिलेला मराठी ४ इंग्रजी `8` सारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी `9` सारखा. इंग्रजी अंकांत टाईप करायची सवय असलेला माणूस घाईत १४४ चं `188` करू शकतो. गावात १८८ क्रमांकाची मिळकतही असेल, तर ही चूक वाचताना खटकतही नाही आणि अर्जदाराच्या हाती शेजाऱ्याचा उतारा पडतो.

चूक पकडायचा सोपा मार्ग म्हणजे आकडा दुसऱ्या कागदाशी जुळवणं. नमुना ८ मध्ये त्या क्रमांकापुढे कुणाचं नाव आहे, ते पाहायचं. पत्रातल्या नावाशी ते जुळत नसेल, तर पुन्हा फोटो उघडायचा. एवढं करूनही खात्री नसेल, तर अंदाजानं भरायचं नाही. `[१४४?]` असं लिहून मूळ कागद पाहायचा.

जे शब्द नाहीत, ते कसे टाईप करायचे?

पत्रात शिक्के असतात, सह्या असतात, खाडाखोड असते. साध्या टेक्स्टमध्ये रंग, ठळक अक्षरं किंवा अधोरेखन राहत नाही. त्यामुळे कार्यालयानं घातलेली प्रत्येक गोष्ट चौकटी कंसात लिहायची आणि कंसांचे शब्द ठरवून टाकायचे: `[सही]`, `[शिक्का: …]`, `[शेरा, लाल शाई: …]`, `[खोडलेले: …]`, `[वाचता येत नाही]`. कंसातलं कार्यालयाचं आणि कंसाबाहेरचं पत्रातलं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आधार क्रमांक पत्रात असला तरी टाईप करू नये. `[आधार क्रमांक टाईप केलेला नाही]` असं लिहावं. टेक्स्ट फाईल शोधायला सोपी असते, तशीच ती चुकीच्या ग्रुपवर फॉरवर्ड व्हायलाही सोपी असते.

फाईल सेव्ह करताना

मराठी युनिकोडमध्येच टाईप करावं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर टेक्स्ट फाईलमध्ये नेला की तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना `Encoding` समोर `UTF-8` आहे ना, ते पाहावं. `ANSI` निवडलं, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. फाईल बंद करून एकदा पुन्हा उघडली की हे लगेच कळतं.

भिंतीवर लावायची चेकलिस्ट

१. आधी आवक नोंद आणि शिक्का, मग फोटो.
२. सगळी पानं, मागच्या बाजूसह. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला का?
३. वरच्या भागातल्या सगळ्या ओळी भरल्या का? माहिती नसेल तिथे 'नाही' लिहिलं का?
४. मिळाल्याची तारीख शिक्क्यावरून घेतली का? फोटोच्या नावावरून नको.
५. मुदत असलेलं पत्र असेल, तर मुदतीची तारीख लिहिली का?
६. पत्राचा मजकूर न सुधारता टाईप केला का?
७. महत्त्वाचे क्रमांक 'शोध' ओळीत इंग्रजी अंकांत आले का?
८. शिक्के, शेरे, खाडाखोड ठरलेल्या कंसांत आहे का?
९. दुसऱ्या व्यक्तीनं ताडून पाहिलं का? एकानं फोटोवरून मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं स्क्रीनवर पाहावं. आकडे एकेक करून: एक, चार, चार.
१०. `UTF-8` मध्ये सेव्ह करून फाईल पुन्हा उघडली का?

मूळ कागदाचं काय?

टाईप केलेली फाईल ही शोधण्याची सोय आहे, ती मूळ पत्राची जागा घेत नाही. कुणी प्रमाणित प्रत मागितली, तर ती मूळ कागदावरूनच द्यायची. टाईप केलेला मजकूर आणि कागद यांत फरक आढळला, तर कागदावरचं खरं मानून फाईल दुरुस्त करायची आणि दुरुस्तीची तारीख वरच्या भागात लिहायची. म्हणूनच आवक क्रमांक कागदावर, फोटोच्या नावात आणि टेक्स्ट फाईलमध्ये, तिन्ही ठिकाणी एकच हवा. 'मिळकत 144' शोधल्यावर `0212` मिळतो आणि त्या क्रमांकावरून कपाटातल्या कागदापर्यंत पोहोचता येतं.