उसाच्या रसाची दोन घड्याळे

रसवंतीवर रस मागितला की चरकवाला उसाची कांडी दुमडतो, त्या दुमडीत अर्धे लिंबू आणि आल्याचा तुकडा खोचतो आणि सगळेच एकत्र चरकातून काढतो. हे चवीसाठी, असे आपण धरून चालतो. चवीसाठी ते आहेच. पण चवीपुरतेच असते, तर लिंबू नंतर ग्लासात पिळूनही चालले असते. ते उसाबरोबरच पिळले जावे यामागे एक कारण आहे, आणि ते समजून घ्यायचे तर आधी रस का बिघडतो हे पाहायला हवे. गेली काही वर्षे मी या प्रश्नाच्या मागे आहे. वाचनातून आणि घरच्या घरी केलेल्या निरीक्षणांतून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे रस काळा पडणे आणि रस आंबणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आपण दोन्हींना मिळून ‘रस उतरला’ म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. काळे पडणे मिनिटांत सुरू होते आणि त्यात जंतूंचा संबंध नसतो. आंबण्याला काही तास लागतात आणि ते निव्वळ जंतूंचे काम असते. रसाच्या ग्लासात अशी दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. लिंबाचा दोन्हींवर परिणाम होतो, पण सारखा नाही.

काळे पडण्याचे घड्याळ

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, म्हणून आपण फोडी लगेच पाण्यात टाकतो. सफरचंदाचेही तेच. उसाच्या रसात हीच क्रिया घडते. उसाच्या पेशींत फिनॉल वर्गातले काही पदार्थ असतात आणि त्याच पेशीत त्यांच्यावर काम करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. त्याचे नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. ऊस उभा असतो तोवर हे दोघे पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, त्यांची गाठ पडत नाही. कोयत्याने कांडे तोडले की तुटलेल्या टोकाशी कप्पे फुटतात आणि ते टोक तांबूस होते. चरकात तर सगळेच कप्पे एकदम फुटतात. विकर, फिनॉल आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात. फिनॉलपासून क्विनोन नावाचे पदार्थ बनतात, ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्या लांब साखळ्या तपकिरी दिसतात.

या क्रियेला हवा लागते, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. ग्लास न हलवता ठेवला तर रस आधी वरच्या थरात काळवंडतो आणि तो रंग हळूहळू खाली सरकतो. उंचावरून भांड्यात पडणारा, फेसाळलेला रस लवकर काळा पडतो, कारण त्यात हवा मिसळलेली असते.

आता लिंबू इथे काय करते ते पाहू. ताज्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, पाच ते साडेपाचच्या दरम्यान असतो. हा आकडा जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज सहा-सातच्या आसपास जोमाने काम करते, पाचलाही बऱ्यापैकी करते, पण चारच्या खाली जवळजवळ लुळे पडते. एक लिटर रसाला एक मोठे रसदार कागदी लिंबू लावले तर पीएच चारच्या आसपास येतो. पाच पूर्णांक दोनवरून चारवर येणे हा फरक लहान वाटेल, पण या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट. म्हणजे आम्लता सुमारे सोळा पट वाढली.

लिंबू आणखी दोन कामे करते. या विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात आणि त्यांच्याशिवाय ते चालत नाही. लिंबातले सायट्रिक आम्ल तांब्याला धरून बसते. शिवाय लिंबातले क जीवनसत्त्व नुकत्याच बनलेल्या क्विनोनना पुन्हा मूळ बिनरंगी रूपात परतवते. पण त्याची मात्रा थोडी असते आणि या कामात ते स्वतः खर्च होते. ते संपले की त्याची मदतही संपते.

यावरून लिंबू उसाबरोबर का पिळायचे ते स्पष्ट होते. क्विनोन एकदा साखळीत गुंफले गेले की लिंबू त्यांना मागे आणू शकत नाही. ते क्रिया थांबवते, झालेली क्रिया उलटवत नाही. म्हणून कप्पे फुटतात त्याच क्षणी आम्ल तिथे हजर हवे.

चार ग्लास

गेल्या मे महिन्यात एका दुपारी मी हे चार काचेच्या ग्लासांत तपासून पाहिले. ऊस एकाच मोळीतला, प्रत्येक ग्लासात दोनशे मिलिलिटर रस, बर्फ नाही. पहिला ग्लास साधा. दुसऱ्यात लिंबू उसाबरोबर पिळलेले. तिसऱ्याला तेवढेच लिंबू, पण अर्ध्या तासाने. चौथ्यात फक्त आले, उसाबरोबर पिळलेले, लिटरला दहा ग्रॅम या हिशेबाने. आम्लता मोजायला रसायनांच्या दुकानात मिळणारी पीएचची कागदी पट्टी घेतली.

साधा ग्लास वीस मिनिटांत वरून मळकट दिसू लागला आणि तासाभरात सगळा शेवाळी-तपकिरी झाला. दुसरा ग्लास पहिल्या क्षणापासूनच फिकट पिवळा होता आणि तासानेही जवळपास तसाच राहिला. तिसऱ्या ग्लासात उशिरा लिंबू पडल्यावर रस थोडा उजळला, पण तपकिरी झाक गेली नाही. चौथा साध्यापेक्षा थोडा उशिरा काळवंडला, एवढेच.

दुसऱ्या ग्लासाचा फिकटपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिंबाने रस हिरवा राहत नाही, तो फिकटतो. उसातल्या फ्लेवोनॉइड रंगद्रव्यांचा रंग आम्लतेवर अवलंबून असतो. चुना लावल्यावर हळद लाल होते, तसाच हा प्रकार. आम्लात ही रंगद्रव्ये फिकी पडतात, अल्कात गडद होतात.

ओघाने चुन्याचेही सांगतो. साखर कारखान्यात रसात चुन्याची निवळी टाकतात, म्हणजे रसवंतीच्या अगदी उलट दिशेने जातात. कारण आम्लात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि मग तिचे दाणे पडत नाहीत. कारखान्याला दाणा हवा असतो, विकर मारायला तिथे उष्णता असते. रसवंतीवर भट्टी नाही आणि दाणाही नको आहे. म्हणून तिथे चुना आणि इथे लिंबू.

आंबण्याचे घड्याळ

दुसऱ्या घड्याळाचे मुख्य पात्र ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू आहे. व्हॅन टीघेम या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 मध्ये त्याला हे नाव दिले. आपल्याला तो परका नाही, इडलीचे पीठ फुगवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उसाच्या सालीवर, मातीत आणि चरकाच्या फटींत तो असतोच. ऊस तोडला की तुटलेल्या टोकातून आत शिरतो. म्हणून तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेल्या उसाचा रस जात्याच अर्धा वाटेवर असतो.

हा जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतो, म्हणून रस आंबट होतो. शिवाय साखरेचे रेणू जोडून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. रसात बोट बुडवून उचलल्यावर तार निघाली, तर ती या डेक्स्ट्रानची. कारखान्यांना शिळ्या उसाचा त्रास होतो तो बराचसा त्याच्यामुळेच. जिवाणूंच्या जोडीला यीस्ट असतात. ते मद्यार्क आणि कर्बवायू बनवतात, त्यातून बुडबुडे येतात आणि ताडीसारखा वास येतो.

हे तासांतच का होते, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा उन्हाळ्याच्या उष्णतेत जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. मग चार तासांत आठ दुपटी, म्हणजे एकाचे दोनशे छप्पन्न. पहिले दोन-तीन तास काहीच कळत नाही आणि मग एकाएकी कळते, ते याचमुळे. न धुतलेल्या चरकामुळे सुरुवातच शंभराऐवजी हजाराने झाली, तर दीडेक तास आधीच हातचे गेले.

इथे लिंबाची ताकद कमी पडते. पीएच चारला ल्यूकोनॉस्टॉक मंदावतो, पण यीस्टना एवढी आम्लता सहज सोसते. माझ्या साध्या ग्लासाच्या कडेला सहाव्या तासाला बुडबुडे आले, लिंबाच्या ग्लासात दहाव्या तासाला. घड्याळ हळू झाले, थांबले नाही.

आल्याचे काम याहून लहान आहे. त्यातले जिंजेरॉल वर्गातले पदार्थ ऑक्सिडीकरणाला थोडा अटकाव करतात आणि काही जिवाणूंना थोडे आवरतात. लिटरला दहा ग्रॅम एवढ्या मात्रेत त्यांचा परिणाम लिंबाला पूरक असतो, लिंबाच्या ऐवजी चालेल असा नसतो. शिवाय आले जमिनीत वाढते. ते न धुता, न सोलता चरकात घातले, तर ते जंतूंना आवरण्याआधी नवे जंतू रसात आणते.

फिकट रंग काय लपवतो

आता या सगळ्यातला अडचणीचा भाग. साध्या रसात पहिले घड्याळ दिसते आणि त्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. रस तपकिरी म्हणजे तो बराच वेळ पडून आहे, हे गिऱ्हाईकाला विचारावे लागत नाही. लिंबाने पहिले घड्याळ जवळजवळ थांबते, दुसरे मात्र चालूच राहते. माझा लिंबाचा ग्लास बुडबुडे आले तेव्हाही रंगाने देखणा होता. आंबट चव लिंबाची की जिवाणूंची हे जिभेला सांगता येत नाही आणि आल्याचा वास आंबूस वासाला झाकतो. म्हणजे जे रसाला टिकवते, तेच त्याचे वयही लपवते.

म्हणून लिंबू घातलेल्या रसाचे वय रंगावरून ठरवू नये. कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसते का, बोटाला तार सुटते का, फेस फार वेळ टिकतो का, हे पाहावे. यांपैकी काहीही दिसले तर रस ओतून द्यावा. पण याही खुणा जंतू भरपूर वाढल्यावरच दिसतात, तेव्हा डोळ्यांसमोर पिळलेला रस लगेच पिणे हे सर्वांत खात्रीचे. घरी न्यायचाच असेल तर लिंबू उसाबरोबर पिळून घ्यावे, बाटली काठोकाठ भरावी म्हणजे हवेला जागा राहणार नाही, आणि ती लगेच फ्रीजमध्ये ठेवावी. थंडीने दोन्ही घड्याळे एकदम मंदावतात, हे काम लिंबाला जमत नाही. तरीही तो रस त्याच दिवशी संपवावा.

बाटलीबंद रसासाठी ऊस आधी वाफवून किंवा रस तापवून विकर आणि जंतू दोन्ही मारतात. त्याने रस टिकतो, पण चवीत गुळाची छटा उतरते. ताज्या रसाची चव हवी असेल, तर त्याचे अल्पायुष्यही पत्करावे लागते.