अर्धे न्यूरॉन रजेवर

हाताने लिहिलेले आकडे संगणकाला ओळखायला शिकवायचे असतील, तर बहुतेक जण एम्‌निस्ट या चित्रसंग्रहापासून सुरुवात करतात. त्यात सरावासाठी ६०,००० चित्रे आहेत आणि अखेरच्या परीक्षेसाठी १०,००० वेगळी ठेवली आहेत. प्रत्येक चित्रात २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ ठिपके असतात. मध्ये ८०० न्यूरॉनचे दोन थर असलेले नेटवर्क बांधले, की शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांची, म्हणजे वजनांची, संख्या पावणेतेरा लाखांवर जाते. एका चित्रामागे एकवीस वजने! एवढी जागा हाताशी असल्यावर आठचा आकार समजून घेण्याची गरज उरत नाही; प्रत्येक आठ जसाच्या तसा पाठ करता येतो.

हे पाठांतर पकडायचे असेल, तर सरावातलीच काही चित्रे आधीपासून बाजूला ठेवायची. सराव चालू असताना शिकवलेल्या चित्रांवरची चूक शून्याकडे सरकत जाते. बाजूला ठेवलेल्यांवरची मात्र एका टप्प्याला अडते, आणि पुष्कळदा तिथून पुन्हा वाढू लागते. या दोन रेषांमधली वाढती फट हीच खूण.

पहिला उपाय वजनांवरच्या दंडाचा. समजा, शेजारशेजारचे दोन ठिपके जवळजवळ नेहमी सारखेच काळे असतात. त्यांना ०.५ आणि ०.५ अशी वजने दिली काय किंवा १० आणि उणे ९ दिली काय, बेरीज एकच येते. सरावात दोन्ही सारखीच बरोबर. पण नव्या चित्रात पहिला ठिपका ०.१ ने जास्त काळा निघाला, तर पहिल्या जोडीचे उत्तर ०.०५ ने हलते, दुसरीचे चक्क १ ने. शाईच्या बारीकशा डागावर उत्तर फिरवायचे, तर अशीच मोठी वजने लागतात आणि पाठांतराला तीच सोयीची पडतात. म्हणून चुकीच्या हिशेबात वजनांच्या वर्गांची बेरीज, एका छोट्या आकड्याने गुणून, मिळवतात. पहिल्या जोडीची ती बेरीज ०.५ येते, दुसरीची १८१. नेटवर्कला आता पहिलीच स्वस्त पडते.

प्रत्यक्षात होते एवढेच, की दर पावलाला प्रत्येक वजन किंचित आक्रसते, समजा हजारांशाने. उदाहरणांकडून ज्याला पुन्हा पुन्हा आधार मिळतो ते टिकते. एखाद्याच चित्रासाठी वाढलेले विरून जाते. तो गुणक फार मोठा ठेवला तर सगळीच वजने शून्याशी येऊन बसतात आणि दोन्ही रेषा वरच अडकतात. मग नेटवर्क पाठही करत नाही आणि शिकतही नाही.

ड्रॉपआउट हा जास्त धाडसी उपाय. टोरांटो विद्यापीठात जेफ्री हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये मांडला. हिंटन सांगतात की त्यांच्या बँकेत खिडकीवरची माणसे सतत बदलत असत. बँकेला फसवायचे तर कर्मचाऱ्यांची आपसांत हातमिळवणी हवी, बदल्या त्यासाठीच असाव्यात, असा त्यांनी तर्क केला. न्यूरॉनही अशीच हातमिळवणी करतात: एकाची चूक दुसरा नेमकी झाकतो, आणि ते जमते फक्त पाहिलेल्या चित्रांपुरते.

मग दर उदाहरणाला मधल्या थरांतला प्रत्येक न्यूरॉन चालू ठेवायचा की बंद, हे नाणे उडवून ठरवायचे. शेजारी हजर असेल याची खात्री नाही म्हटल्यावर प्रत्येकाला स्वतःच काही उपयोगी ओळखावे लागते. अशा साध्या नेटवर्कची तोवरची सर्वोत्तम नोंद १०,००० चित्रांत १६० चुकांची होती. निम्मे न्यूरॉन गाळून, जोडीला प्रत्येक न्यूरॉनकडे येणाऱ्या वजनांवर कमाल मर्यादा घालून, ती सुमारे १३० वर आली. चित्रातले २० टक्के ठिपकेही गाळले तेव्हा सुमारे ११० वर. वजनांना आवर घालणे ड्रॉपआउटनंतरही सुटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परीक्षेच्या वेळी सगळे न्यूरॉन हजर असतात. सरावात निम्मेच होते, त्यामुळे बाहेर जाणारी वजने तेव्हा निम्मी करावी लागतात. आजची साधने उलटे करतात: सरावातच, उरलेल्या न्यूरॉनचे उत्तर दुप्पट करतात. पायटॉर्चमध्ये परीक्षेआधी `model.eval()` लिहायचे राहिले तर गाळणे चालूच राहते. तेच चित्र दोनदा दिले आणि उत्तरांचे आकडे वेगळे आले, तर आधी तिथे पाहावे. सरावातली चूक बाजूच्या चित्रांवरच्या चुकीपेक्षा जास्त दिसली, तर मात्र नवख्याने घाबरू नये. ती निम्म्या न्यूरॉननिशी मोजलेली असते.

या उपायांची मर्यादा चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उघडी पडली. त्यांनी छायाचित्रांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटेल ती लावली आणि एका मोठ्या नेटवर्कला शिकायला दिली. ड्रॉपआउट आणि वजनदंड दोन्ही चालू असतानाही त्याने त्या खोट्या नावांपैकी बहुतेक पाठ केली. शिकण्यासारखे त्यांत काही नव्हतेच. न पाहिलेल्या छायाचित्रांवर त्याची उत्तरे निव्वळ अंदाजपंचे होती.