एकतीस मार्चचा हिशेब कुठे गेला?

‘१ मार्चपासून ३१ मार्चपर्यंतच्या पावत्या काढा,’ असं कोणी म्हटलं, तर ऐकणारा ३१ तारखेचा अख्खा दिवस धरतो. मराठीतल्या ‘पर्यंत’मध्ये तो दिवस संध्याकाळच्या गर्दीसकट आणि रात्री उशिरा आलेल्या भरण्यासकट येतो. डेटाबेसला हेच सांगितलं, की तो ३१ तारखेच्या उंबरठ्यावरच थांबतो. तक्रार नाही, चुकीची सूचना नाही. बेरीज मात्र कमी येते.

एका दुकानाच्या पावत्यांचं उदाहरण घेऊ. `pavtya` या तक्त्यात रक्कम आहे आणि पावती फाडल्याची वेळ आहे. ३० मार्च २०२५ ला संध्याकाळी १२०० रुपये आले. ३१ ला सकाळी सव्वाअकराला ४५०० आणि रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९.६ सेकंदांनी ८०० आले. नंतर १ एप्रिलच्या ठोक्याला, बरोबर मध्यरात्री, ऑनलाइन ६०० रुपये जमा झाले. मार्चची बेरीज ६५०० यायला हवी. हिशेबनीस पोस्टग्रेसला विचारतो:

```sql
SELECT sum(rakkam) FROM pavtya
WHERE vel BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31';
```

उत्तर येतं १२००.

यात `BETWEEN`नं शब्द मोडलेला नाही. दोन्ही टोकं धरायची हा त्याचा नियम, आणि तो त्यानं पाळला. गडबड टोकाच्या अर्थात आहे. `vel` हा रकाना तारीख आणि घड्याळाची वेळ असं दोन्ही साठवतो. म्हणून समोर नुसती तारीख आली, की डेटाबेस तिला स्वतःहून वेळ चिकटवतो, आणि ती वेळ म्हणजे ००:००:००. शेवटचं टोक ‘३१ मार्च’ नव्हे, तर ३१ मार्च सुरू होण्याचा क्षण ठरतो. त्या क्षणीची पावती असती तर ती धरली गेली असती. सव्वाअकराची नाही.

रकाना निव्वळ तारखेचा, म्हणजे `date` प्रकारचा असेल तर हेच वाक्य बिनचूक चालतं. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं दबून राहते: आधी फक्त तारखा ठेवणाऱ्या तक्त्यात कोणीतरी पुढे वेळही नोंदवू लागतं आणि जुने अहवाल गुपचूप एक दिवस गाळू लागतात. चाचणीसाठी हातानं भरलेल्या नोंदींना वेळ दिलेली नसेल, तर त्या सगळ्या मध्यरात्रीच्या ठरतात आणि चाचणीही सुखरूप पार पडते.

चूक कळल्यावर पहिली मलमपट्टी ठरलेली असते: शेवटी `23:59:59` जोडायचं. आता बेरीज ५७०० येते. पोस्टग्रेस सेकंदाचे दहा लाख भाग मोजतो, त्यामुळे ५९.६ सेकंदांची ८०० रुपयांची पावती फटीतून गळते. मग नऊ आकडे वाढवत न्यावेत, तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना `datetime` प्रकार वेगळीच गंमत करतो. त्याला सेकंदाचा हजारावा भाग नेमका ठेवता येत नाही, म्हणून `23:59:59.999` ला तो जवळच्या मुक्कामी नेतो. तो मुक्काम म्हणजे दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र.

दुसरी मलमपट्टी म्हणजे शेवटचं टोक सरळ १ एप्रिल करणं. मग बेरीज ७१०० होते. एप्रिलचे ६०० मार्चमध्ये घुसतात आणि एप्रिलच्या अहवालातही पुन्हा मोजले जातात.

खरा उपाय दिवसाचा शेवटचा क्षण शोधण्याचा नादच सोडतो. शेवट कुठे हे सांगणं अवघड, पण पुढचा दिवस कुठे सुरू होतो हे नेमकं ठाऊक असतं:

```sql
WHERE vel >= '2025-03-01'
  AND vel <  '2025-04-01'
```

सुरुवातीचं टोक आत, शेवटचं बाहेर. अशा पल्ल्याला अर्धखुला म्हणतात. बेरीज ६५००, आणि सेकंदाचे कितीही तुकडे पडले तरी फरक नाही. एप्रिलचा पल्ला जिथे मार्चचा संपला तिथूनच सुरू होतो, त्यामुळे कुठली पावती दोनदा येत नाही की सुटत नाही. महिना २८ चा की ३१ चा, हेही आठवायला नको. संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये पूर्णांकांच्या पल्ल्यांसाठी हीच मांडणी पसंत केली होती: दोन टोकांची वजाबाकी केली की पल्ल्याची लांबी मिळते.

गिऱ्हाइकाला मात्र हे शिकवायची गरज नाही. पडद्यावर त्यानं ‘३१ मार्चपर्यंत’च निवडावं, त्या तारखेत एक दिवस मिळवून `<` लावणं हे प्रोग्रामचं काम. वेळेच्या रकान्यावर `vel::date` असं रूपांतर करून `BETWEEN` लावलं तरी उत्तर बरोबर येतं, पण पोस्टग्रेसमध्ये `vel`वरचा साधा इंडेक्स मग उपयोगी पडत नाही आणि मोठा तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावा लागतो.

एक खाच उरतेच. रकाना `timestamptz` असेल आणि जोडणीची वेळ यूटीसी असेल, तर ‘१ एप्रिल’ भारतात पहाटे साडेपाचला सुरू होतो. तेव्हा टोक `'2025-04-01 00:00+05:30'` असं पूर्ण लिहावं लागतं, आणि सुरुवातीचंही तसंच.

जुन्या अहवालात ही गळती आहे का, हे पाहायला अहवालाचीच अट ठेवून पावत्या दिवसवार मोजाव्यात. प्रत्येक महिन्याचा शेवटचा दिवस रिकामा किंवा एखाद-दुसऱ्या मध्यरात्रीच्या नोंदीपुरता दिसला, तर दुकान त्या दिवशी बंद नव्हतं.